यादीत तुमचं नाव आहे, रूममेटचं नाही

यादी लागली की पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या खोल्यांमध्ये पहिली काही मिनिटं कुणी बोलत नाही. आयोगाची साइट अडकलेली असते. मग कुणीतरी टेलिग्रामवर पीडीएफ टाकतं आणि जो तो आपला बैठक क्रमांक शोधायला लागतो. खोलीत चार कॉट असतात, चौघांनी तीच परीक्षा दिलेली असते, एकाच मेसचा डबा खाल्लेला असतो आणि बऱ्याचदा एकाच अभ्यासिकेत शेजारशेजारच्या टेबलांवर वर्षं काढलेली असतात. त्यातल्या एकाला आपलं नाव सापडतं. बाकीचे तिघे अजून शोधत असतात.

हा लेख नाव सापडलेल्या त्या एकासाठी आहे. पुढचा तासभर, आणि त्यानंतरचे बरेच महिने, तुम्ही काय बोलता, काय बोलत नाही, यावर त्या तिघांपैकी किमान एकाशी असलेली मैत्री टिकायची की नाही ते ठरतं. मी या खोलीत दोन्ही बाजूंना राहिलो आहे, म्हणून लिहितो.

आमच्या खोलीत एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, गावानं होती. उदगीर, करमाळा, पारनेर. करमाळ्याचं नाव राज्यकर निरीक्षकाच्या यादीत आलं तेव्हा मी तिसऱ्या अटेम्प्टला होतो आणि मुख्य परीक्षेत कटऑफच्या खाली राहिलो होतो. त्या दिवशी तो सकाळपासून खोलीतच होता. त्यानं मला चहा करून दिला, क्रिकेटबद्दल बोलला, दुपारी झोपल्यासारखं केलं. रात्री मेसच्या काकूंनी माझ्या ताटात पेढा ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुझ्या दोस्तानं पोस्ट काढली, माहिती नाही का तुला?’ मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं दिवसभर ती बातमी पोटात ठेवली होती. हेतू चांगलाच होता. पण त्या पेढ्यानंतर मी जवळजवळ वर्षभर त्याच्याशी नीट बोललो नाही, आणि त्याचं कारण त्याची पोस्ट नव्हती. हा आपल्याला इतका कच्चा समजतो, ही गोष्ट मला लागली होती.

पुढे कळलं की हा माझा एकट्याचा चिडका स्वभाव नव्हे. ॲनाबेल रॉबर्ट्स आणि एमा लेव्हिन या संशोधकांनी ओव्हुल सेझर यांच्यासोबत नेमक्या याच विषयावर संशोधन केलं आहे. जवळच्या माणसानं आपलं यश लपवलं आणि ते नंतर कळलं, तर ऐकणाऱ्याला अपमान झाल्यासारखं वाटतं, कारण लपवण्यामागे ‘याला झेपणार नाही’ असा निवाडा त्याला दिसतो. सरळ सांगितलं तर थोडी असूया वाटू शकते, पण विश्वास जात नाही. स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत तर फार काळ लपवणं शक्यही नसतं. यादी सार्वजनिक असते, त्यात नाव असतं, आणि तुमचा मित्र स्वतःचं नाव शोधताना तुमचंही शोधतोच.

तेव्हा सांगायचं. कसं सांगायचं, एवढाच प्रश्न उरतो. पण त्याआधी समोरच्याला नेमकं काय टोचतं ते समजून घ्यायला हवं. अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. दुसऱ्याचं यश दोन गोष्टी एकत्र आल्यावर जास्त बोचतं: तो माणूस आपल्या जवळचा असणं, आणि ते यश आपण स्वतःला ज्या गोष्टीत मोजतो त्याच गोष्टीतलं असणं. राज्यात पहिल्या आलेल्या अनोळखी मुलाची मुलाखत आपण यूट्यूबवर तासभर आनंदानं बघतो. चुलतभावाला बँकेत बढती मिळाली तर पेढे मागतो. पण शेजारच्या कॉटवरच्या मुलाला आपल्याच परीक्षेतून आपल्याला हवी तीच पोस्ट मिळाली की घशाशी काहीतरी अडकतं. ती मत्सरी माणसाची खूण नाही. मैत्री जवळची आहे आणि स्वप्न एकच आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सगळी काळजी त्याच एका-दोघांसाठी राखून ठेवा. गावाकडच्या शाळासोबत्याला, पोलिसात असलेल्या मामाला, कॉलेजच्या ग्रुपला जसं सुचेल तसं सांगा. तिथे शब्द तोलत बसलात तर तेच उलट खोटं वाटतं.

आता तो पहिला तास. घरी फोन आधी जाणार, तो जायलाच हवा. पण तो फोन ठेवण्यापूर्वी एक वाक्य बोला: ‘आई, तासभर कुणाला सांगू नका, स्टेटसला काही टाकू नका.’ हे न सांगितल्यास काय होतं ते मी पाहिलं आहे. काकांनी पाच मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकलेला असतो, तिथून तो तालुक्याच्या ग्रुपवर जातो, आणि तुमच्या रूममेटला तुमची बातमी त्याच्याच गावाकडून येते, तीही ‘तुझ्या खोलीतल्याचं झालं म्हणे, तुझं काय?’ या प्रश्नासकट. दोन्ही घरची ओळख असेल तर आणखी सांभाळायला लागतं. तुमच्या वडिलांनी आनंदाच्या भरात मित्राच्या वडिलांना फोन केला, तर त्या घरात त्या रात्री तुमचं नाव घेऊन त्याला बोलणी बसतात. मुलींच्या होस्टेलमध्ये तर हे फार लवकर घडतं. मैत्रिणीचं झालं आणि हिचं नाही, एवढं कळलं की त्याच आठवड्यात स्थळांची यादी निघते. आपली बातमी मैत्रिणीच्या घरात तिच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, एवढी काळजी आपण आपल्या घरच्यांना आधी सांगून घेऊ शकतो.

घरानंतर लगेच रूममेट. स्टेटसच्या आधी, क्लासच्या सरांच्या आधी, अभ्यासिकेतल्या इतर मुलांच्या आधी. तो खोलीत असेल तर तोंडी सांगा, बाहेर असेल तर मेसेज करा. फोन शक्यतो नको, कारण फोनवर त्याला त्याच क्षणी आवाज उत्साही करून ‘अभिनंदन’ म्हणावं लागतं. मेसेज वाचल्यावर त्याला चेहरा सावरायला वेळ मिळतो, आणि तो वेळ देणं हीच मोठी गोष्ट आहे.

शब्द थोडे ठेवा. मला आता वाटतं की इतकं पुरतं: ‘माझं नाव आलंय, एसटीआयला. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी तुला सांगतोय. आत्ता काही बोलू नकोस, नंतर बसू.’ यात तीन गोष्टी आहेत. काय झालं ते पदासकट सरळ सांगितलं, त्यामुळे आडपडदा उरला नाही. आधी त्याला सांगतोय हे उच्चारलं, त्यामुळे त्याची जागा त्याला कळली. आणि त्याच्याकडून लगेच काही मागितलं नाही. ‘तू खूश आहेस ना?’, ‘तुला वाईट नाही ना वाटलं?’ असे प्रश्न काळजीपोटी येतात, पण त्यांची उत्तरं देताना त्याला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुमचं समाधान करावं लागतं.

यापुढची पायरी बहुतेक जण विसरतात. सांगून झालं की खोलीतून बाहेर पडा. कॉट बेसिसच्या खोलीत रडायला जागा नसते. संडास-बाथरूम मजल्यावर सामाईक असतं, गच्चीवर कुणीतरी फोनवर बोलत असतं. तुम्ही तिथेच बसून राहिलात तर त्याला तरी उठून रस्त्यावर जावं लागतं, नाहीतर तुमच्यासमोर हसत बसावं लागतं. ‘मी खाली जाऊन घरी सविस्तर बोलतो, तासाभरानं येतो,’ असं म्हणून चप्पल घाला आणि तासाभरानंच या. त्या संध्याकाळी खोली त्याची असू द्या.

आता काय बोलू नये त्याबद्दल. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या सगळ्या भल्या हेतूनं होतात.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. दोन वर्षांनी माझं नाव आलं आणि पारनेरचं राहिलं, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘भावा, टेन्शन घेऊ नको, पुढच्या वर्षी तुझं होणारच.’ त्यानं मान हलवली. पंधरा दिवसांनी तो सामान घेऊन गावी गेला. तो शेवटचा अटेम्प्ट असं त्यानं घरी कबूल केलं होतं, ते मला नंतर कळलं. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं आहे, त्यामुळे नियमानं त्याच्याकडे बरीच वर्षं होती. पण खरी मर्यादा घरच्या पैशांची असते. धाकट्या बहिणीचं लग्न, वडिलांचं आजारपण, खोलीचं भाडं आणि मेस मिळून दर महिन्याला गावाहून मागवायची रक्कम, यांची ती मर्यादा असते. पुढच्या वर्षीची खात्री देताना मी त्याच्या नावानं असं एक वर्ष खर्चून टाकलं होतं, जे त्याच्याजवळ नव्हतंच. तेव्हा भविष्य सांगू नका. ‘पुढचं काय ठरवतोयस?’ हेही पहिल्या आठवड्यात विचारू नका. ज्याला सांगायचं असतं तो स्वतः सांगतो.

दुसरं वाक्य, ‘माझं काय, नशीब होतं.’ हे नम्रतेसारखं ऐकू येतं. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघा. तुम्ही सकाळी सातपासून अभ्यासिकेत होतात हे त्यानं पाहिलं आहे, त्यामुळे तुम्ही खोटं बोलताय हे त्याला कळतं. आणि ते खरं मानलं तर नशिबानं तुम्हाला उचललं आणि त्याला टाकलं, असा अर्थ निघतो. यात त्याला कसला दिलासा? त्याऐवजी जे खरं असेल तेवढं बोला. कटऑफच्या वर तुम्ही दीड गुणानंच असाल तर तसं सांगा: ‘दीड मार्कानं बसलो.’ ते खरं असतं, आकड्यात असतं, आणि दीड मार्क म्हणजे किती थोडं, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

तिसरं म्हणजे उसनं रडगाणं. ‘एएसओला नाव आलं खरं, पण आता मंत्रालयात पोस्टिंग म्हणजे मुंबईत राहायचं कसं, भाडी बघ किती आहेत.’ किंवा, ‘मला पीएसआयच हवं होतं रे, एसटीआयवर समाधान मानावं लागतंय.’ आपण आनंद कमी करून दाखवतोय, त्यामुळे समोरच्याला बरं वाटेल, अशी समजूत यामागे असते. पण ज्याला ती पोस्ट मिळाली नाही त्याच्यासमोर तिची तक्रार करणं हे उपाशी माणसापुढे जेवणात मीठ कमी असल्याचं गाऱ्हाणं घालण्यासारखं आहे. नोकरीच्या खऱ्या अडचणी असतील तर त्या नोकरीतल्या, किंवा घरच्या माणसांपाशी बोला.

श्रेय द्यायचं असेल तर नेमकं द्या. ‘तुझ्यामुळेच झालं सगळं’ हे फार मोठं आणि पोकळ वाक्य आहे. ‘हे यश तुझंसुद्धा आहे’ याचा त्याला काही उपयोग नाही, कारण नियुक्तीचा आदेश एकाच्याच नावानं निघतो. पण ‘पंचायत राजच्या तू काढून दिलेल्या तक्त्यातून दोन प्रश्न आले’ हे त्याला आठवतं. तो तक्ता त्यानं कोणत्या रात्री काढला तेही त्याला आठवतं. असं एखादंच सांगा, आणि तेही पहिल्या दिवशी नाही.

आता गाजावाजा. तो तुम्ही केला नाही तरी होतो, म्हणून त्याचा बंदोबस्त करावा लागतो. निकालाच्या संध्याकाळपासून क्लासचे फोन सुरू होतात: फोटो पाठवा, दोन ओळी लिहून द्या, एक छोटा व्हिडिओ करा. कधी फक्त मॉक इंटरव्ह्यूला गेलेल्या क्लासचाही फोन येतो. मग शास्त्री रोडवरच्या फ्लेक्सवर तुमचा चेहरा झळकतो आणि तुमचा मित्र रोज अभ्यासिकेत जाता-येता त्याखालून चालतो. हे अटळ आहे असं बऱ्याच मुलांना वाटतं, पण तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांनुसार विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरायला त्याची लेखी संमती लागते, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी लागते. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर सही करून घेतली होती, ही सबब चालत नाही. म्हणजे ‘आत्ता नको’ म्हणायचा अधिकार तुमच्याकडे आहे. ज्या सरांचं खरंच ऋण आहे त्यांना फोटो जरूर द्या. बाकीच्यांना नकार देताना कारण सांगत बसू नका.

स्टेटसबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एक ठेवा, त्यात पदाचं नाव आणि आईवडिलांचा फोटो असू द्या, आणि तिथे थांबा. पुढचे आठ दिवस आलेल्या प्रत्येक अभिनंदनाचा स्क्रीनशॉट, प्रत्येक सत्काराचा फेटा, प्रत्येक हार स्टेटसला लावणाऱ्या मुलाला बढाई मारायची असते असं नाही. इतकी वर्षं ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं, ते एकदाचं मिळालेलं असतं, आणि ते पुन्हा पुन्हा द्यावंसं वाटतं. ते मी समजू शकतो. पण नाव न आलेला मुलगा त्या आठ दिवसांत रात्री दोन वाजता जागा असतो आणि फोन बघत असतो. एका मित्रापासून स्टेटस लपवण्याची सोय व्हॉट्सॲपवर आहे, ती वापरू नका. त्याला ते दुसऱ्याच्या फोनवर दिसतंच, आणि मग आपण परत त्याच मेसच्या ताटातल्या पेढ्यापाशी येतो.

पेढे वाटावेत. अभ्यासिकेत पेढे आले नाहीत तर त्याचीही चर्चा होते. फक्त टेबलाटेबलावर जाऊन, वाचत बसलेल्याला मान वर करायला लावून देऊ नका. डबा बाहेर रजिस्टरपाशी ठेवा. ज्याला घ्यायचा तो चहाला जाता-येता घेईल, ज्याला नको तो न बघता जाईल. रूममेटचा पेढा वेगळा, घरून आल्यावर, आईनं पाठवला म्हणून. गावी मिरवणूक, गुलाल, सत्कार झाला तर त्याला बोलवा, पण निमंत्रणातच नकाराची वाट ठेवा: ‘रविवारी गावात कार्यक्रम आहे. अभ्यास सोडून येऊ नकोस, पण यायचं असेल तर जेवायला घरीच ये.’ आणि तो आलाच, तर भाषणात त्याचं नाव घेऊ नका. ‘माझा मित्र इथे बसलाय, त्याचं यंदा थोडक्यात हुकलं, पण त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त क्षमता आहे’ असं मी एका सत्कारात ऐकलं आहे. दोनशे माणसांनी मागे वळून त्या मुलाकडे बघितलं होतं.

इथवरचं सगळं दहा-पंधरा दिवसांत संपतं. खरी परीक्षा त्यानंतरची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शिफारस झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी सुरू होत नाही. कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, मग नियुक्तीचा आदेश, यात कित्येक महिने जाऊ शकतात. त्या काळात बरीच मुलं त्याच खोलीत राहतात. आता तुम्हाला अभ्यास नाही आणि त्याला आहे. तुम्ही उशिरा उठता, सिनेमे बघता, लोक तुम्हाला भेटायला येतात, नवी मुलं ‘दादा, बुकलिस्ट सांगा ना’ म्हणून दारात उभी राहतात, आणि तो कोपऱ्यात लक्ष्मीकांत उघडून बसलेला असतो. निकालाच्या दिवशी एक शब्दही वावगा न बोललेला मुलगा या महिन्यांत नकळत खूप बोलतो. म्हणून भेटायला येणाऱ्यांना खाली चहाच्या टपरीवर भेटा. दिवे बंद करायची, फोनवर बोलायची, पाहुण्यांची जी वेळ आधी ठरलेली होती तीच पाळा. परीक्षा देणाऱ्याच्या सोयीची खोली ही परीक्षा देणाऱ्याच्याच सोयीची राहिली पाहिजे.

सल्ल्याचंही तसंच. पोस्ट निघाली की दोन दिवसांत माणसाची ‘स्ट्रॅटेजी’ तयार होते. निकालाआधी जे सगळे प्रयोग होते, ते आता पद्धत होऊन बसतात. रूममेटला ती विचारल्याशिवाय सांगू नका. त्यानं तुमचा अभ्यास रोज पाहिला आहे, त्यात त्याला माहीत नसलेलं फारसं काही नाही. शिवाय तुमची पद्धत जुनीही झालेली असू शकते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० आणि मुलाखत २७५ अशा एकूण २०२५ गुणांची. बहुतांशी पर्यायांवर गोल करून ८००पैकी गुण मिळवलेल्या मुलानं उत्तरलेखनावर उपदेश करण्याआधी थांबायला हवं. नोट्स द्यायच्या असतील तर ‘या आता तुझ्या’ म्हणून सोपवू नका. कपाटात कुठल्या खणात ठेवल्या आहेत एवढं सांगून ठेवा.

शब्दांपेक्षा जास्त मोलाच्या अशा दोन व्यवहाराच्या गोष्टी आहेत. पहिली खोलीची. तुम्ही गेल्यावर तुमच्या कॉटचं भाडं तिघांवर पडतं. महिना पूर्ण होईपर्यंतचं भरून जा, शक्य असेल तर नवा मुलगा शोधून देऊन जा, आणि डिपॉझिटचा हिशेब निघण्यापूर्वी मिटवा. पोस्ट मिळालेला मुलगा हजार-दोन हजारांचं विसरून गेला, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते.

दुसरी आयोगाच्या प्रक्रियेतली. काही जणांचं नाव एका वेळी दोन भरत्यांमध्ये येतं, किंवा आधीच नोकरीत असताना त्याच दर्जाच्या दुसऱ्या पदासाठी येतं. अंतिम शिफारशीपूर्वी आयोग भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय देतो, त्याला सगळे ‘ऑप्टिंग आउट’ म्हणतात. त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. जे पद घ्यायचं नाही त्यातून तुम्ही मुदतीत बाहेर पडलात तर ती जागा गुणवत्तेच्या क्रमानं खालच्या उमेदवाराकडे जाते. नाही पडलात तर तुम्ही रुजू होत नाही आणि ती जागा तशीच अडकून राहते. दोन याद्यांत नाव आहे याचा रुबाब आणखी काही दिवस मिरवावा म्हणून हे टाळणारी मुलं आहेत. कटऑफच्या काठावर बसलेल्या कुणाचं तरी आयुष्य त्या एका क्लिकवर अडलेलं असतं. तो तुमचा रूममेट असेल किंवा नसेलही, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीतल्या चौथ्या कॉटवरचा आहे. मित्रांशी कितीही गोड बोललात आणि हे केलं नाहीत, तर त्या गोड बोलण्याला माझ्या लेखी किंमत नाही.

इतकं करूनही मित्र गप्प होऊ शकतो. चहाची वेळ बदलतो, ग्रुपमधून बाहेर पडतो, किंवा तुम्हाला ‘साहेब’ म्हणायला लागतो. ‘साहेब’ ही पक्की खूण आहे. गमतीनं एकदा म्हटलं तर काही नाही, पण दोन आठवडे झाले आणि गावाच्या नावाची हाक परत आली नाही, तर काहीतरी दुखलं आहे असं समजा. ‘मला साहेब म्हणू नकोस’ असं बजावून ते जात नाही. तुम्ही ज्या गोष्टी आधी एकत्र करत होतात त्यातली परीक्षेशी संबंध नसलेली एक धरा. सकाळी पर्वतीला जाणं असो की रविवारी कपडे धुणं, ती आधीसारखीच करत राहा. चहाचे पैसे आधी ज्या क्रमानं दिले जायचे त्याच क्रमानं द्या. प्रत्येक वेळी तुम्हीच खिशात हात घातलात तर तो चहाला यायचं सोडेल.

तो गावी निघून गेला तर पंधरा दिवसांतून एखादा असा मेसेज करा की ज्याला उत्तर देण्याची गरज नाही: मेसच्या काकूंनी आज त्याची आठवण काढली, त्याच्या कॉटवर कोण आलं, असलं काहीतरी. ‘रागावलास का?’ विचारू नका. तुमची चूक झाली असेल, जशी माझी झाली होती, तर ती नेमकी सांगून माफी मागा. पारनेरला मी चार महिन्यांनी लिहिलं, ‘पुढच्या वर्षी होणारच असं मी म्हणालो, ते म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.’ त्यावर उत्तर आलं नाही. आणखी दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, तो डिपॉझिटच्या पावतीसाठी. पावती माझ्याकडे होती. तिच्याबद्दल दोन मिनिटं बोललो, मग त्यानं विचारलं, ‘उदगीर, तुझी जॉइनिंग कुठं आली रे?’